रात्रीचा गॅप धरून ट्रेडची क्वांटिटी कशी काढायची

प्रश्न: माझं भांडवल १० लाख. एका ट्रेडला एक टक्का, म्हणजे १०,००० रुपये रिस्क घेतो आणि स्टॉपपर्यंतच्या अंतराने भागून क्वांटिटी काढतो. एक आयटी शेअर १५०० ला घेतला, स्टॉप १४५५, म्हणून २२२ शेअर. दुसऱ्याच संध्याकाळी निकाल आला आणि सकाळी शेअर १३७२ ला उघडला. जीटीटी लावलेली होती, ती ट्रिगर झाली पण विकला गेलाच नाही. शेवटी हाताने १३६० ला विकला, ३१,००० गेले. जुन्या गॅपचा डेटा घेऊन क्वांटिटी आधीच नीट काढता येते का? कशी?

उत्तर:

येते. पण आधी त्या सकाळी नेमकं काय झालं ते पाहू, कारण पुढचं गणित त्यावरच उभं आहे.

एनएसईवरची स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरती असते. साडेतीनला बाजार बंद झाला की ती संपते. रात्रभर एक्स्चेंजकडे तुमची कुठलीच ऑर्डर नसते. जीटीटी असते ती ब्रोकरच्या सर्व्हरवर, आणि ती ऑर्डर नसून 'भाव इथे आला की अशी ऑर्डर टाक' अशी सूचना असते. तुम्ही बहुतेक ट्रिगर १४५५ आणि लिमिट १४५० ठेवली असणार. सकाळी पहिलाच सौदा १३७२ ला झाला, ट्रिगर लागला, आणि ब्रोकरने तुमच्या नावाने '१४५० किंवा त्याहून जास्त मिळाले तरच विक' अशी ऑर्डर बाजारात टाकली. बाजार १३७२ वर असताना १४५० कोण देणार? ऑर्डर दिवसभर तशीच पडून राहिली. सिस्टिममध्ये काही बिघडलं नव्हतं, तुम्ही सांगितलं तेवढंच तिने केलं.

आता क्वांटिटीकडे. तुमच्या सूत्रात भाजक ४५ रुपये आहे, म्हणजे 'माझा माल १४५५ लाच जाईल' हे गृहीत धरलंय. बाजार चालू असताना मोठ्या, भरपूर व्हॉल्यूमच्या शेअरमध्ये ते जवळजवळ खरं ठरतं. रात्री मात्र ते गृहीत टिकत नाही. त्यातली खरी गोम बघा: तुम्ही सावध व्हायचं म्हणून स्टॉप १४८५ वर आणला, फक्त एक टक्का खाली. भाजक झाला १५. क्वांटिटी झाली ६६६. म्हणजे पूर्ण दहा लाख एका शेअरमध्ये, आणि कागदावर रिस्क तीच १०,००० रुपये. दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्के खाली उघडला तर एक लाख गेले. स्टॉप जितका जवळ, तितकी क्वांटिटी मोठी आणि तितकाच गॅपचा फटका मोठा. गॅपला तुमचा स्टॉप कुठे होता याचं काही देणंघेणं नसतं. त्याला दिसते ती फक्त तुमच्याकडच्या मालाची किंमत.

म्हणून मी क्वांटिटी दोनदा काढतो, दोन वेगळ्या बजेटांनी, आणि जी लहान येईल ती घेतो. पहिलं बजेट रोजच्या स्टॉपचं, दुसरं एका वाईट रात्रीचं. दोन्हींसाठी जुना डेटा लागतो, पण त्यातले वेगवेगळे भाग.

डेटा घेताना

दहा वर्षांचा रोजचा ओपन, हाय, लो, क्लोज पुरे. साधारण २,४७० रात्री मिळतात. गॅप म्हणजे आजचा ओपन भागिले कालचा क्लोज, वजा एक. हे कुणीही एक्सेलमध्ये काढू शकतं, आणि तिथेच तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं, बोनस आणि स्प्लिट. इन्फोसिसने २०१४, २०१५ आणि २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला. एक्स्चेंजच्या रोजच्या भावांच्या फाइलमधले, म्हणजे भावकॉपीचे, कच्चे आकडे घेतले तर अशा दिवशी पन्नास टक्क्यांचा गॅप दिसतो आणि तुमचं सगळं शेपूट, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या गॅपचा भाग, खोटं होतं. ॲडजस्ट केलेला डेटा घ्या, आणि तरीही आठ टक्क्यांवरचा प्रत्येक गॅप त्या तारखेच्या बातमीशी स्वतः ताडून बघा. असे दिवस फार नसतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं, एनएसईचा क्लोज हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. तो शेवटच्या अर्ध्या तासाची व्हॉल्यूमनुसार काढलेली सरासरी असतो. शेवटच्या अर्ध्या तासात शेअर घसरत गेला असेल, तर क्लोज वर दिसतो आणि सकाळी न झालेला गॅप मोजला जातो. भावकॉपीत `ClsPric` आणि `LastPric` असे दोन वेगळे रकाने असतात. गॅपच्या तक्त्यासाठी दुसरा घ्या. फरक बहुतेक दिवशी किरकोळ असतो, पण लहान गॅप मोजताना तो चावतो.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि याकडे फार कमी लोक बघतात. फ्युचर्स-ऑप्शन्स असलेल्या शेअरला ठरलेलं सर्किट नसतं हे खरं, पण दिवसाची सुरुवात दहा टक्क्यांच्या पट्ट्यातच होते. त्याच्या कडेला सौदे होत राहिले तर अटी पाळून, मध्ये थांबून, पट्टा पुढे सरकवला जातो. त्यामुळे ओपनच्या रकान्यात दहा टक्क्यांहून मोठी घसरण सहसा दिसतच नाही. बातमी कितीही वाईट असो, रकाना म्हणतो 'उणे दहा'.

इन्फोसिसचीच २२ ऑक्टोबर २०१९ ची सकाळ घ्या. हिशेबातल्या गडबडीचा आरोप करणाऱ्या निनावी पत्राची बातमी सोमवारी २१ तारखेला आली. त्या दिवशी महाराष्ट्र विधानसभेचं मतदान होतं, आपला बाजार बंद. न्यूयॉर्कमध्ये मात्र कंपनीचा एडीआर, म्हणजे तिथल्या बाजारात चालणारा तिचा शेअर, त्याच दिवशी आपटला. इथला माणूस शाईचं बोट घेऊन घरी बसून ते बघत होता, करता काहीच येत नव्हतं. मंगळवारी शेअर सुमारे दहा टक्के खाली उघडला आणि दिवसाअखेर सोळा टक्क्यांहून जास्त पडला. ओपनवर विसंबलेला तक्ता या दिवसाला 'दहा टक्के' म्हणतो. पण नऊ-पंधराला तिथे विकणाऱ्यांची रांग होती, सगळ्यांचा माल त्या भावाला गेला नाही. ११ मार्च २०२५ ला इंडसइंड बँकेचं असंच झालं: आदल्या दिवशी ९०० च्या आसपास, सकाळी दहा टक्के खाली, आणि बंद झाला सत्तावीस टक्के खाली.

म्हणून माझा नियम: ओपन नऊ टक्क्यांहून जास्त खाली असेल, तर त्या दिवशी आपण ओपनला सुटलो असं धरायचं नाही. ओपन आणि क्लोज यांतला जो खालचा, तो धरायचा. थोडं कडक आहे, पण जिथे डेटाच कापलेला आहे तिथे आपल्या बाजूने चूक करण्यात अर्थ नाही.

रात्री दोन ढिगांत

सगळ्या २,४७० रात्री एका पोत्यात घालू नका. ज्या रात्रीनंतर बाजाराने निकाल पहिल्यांदा पाहिला, त्या वेगळ्या काढा. दहा वर्षांत अशा सुमारे चाळीस होतात. उरलेल्या २,४३० साध्या रात्री.

तुमचा शेअर कोणता ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून पुढचे आकडे मी गणित दाखवायला गोल करून मांडतो. घडण मात्र मोठ्या आयटी शेअरची असते तशीच आहे. समजा, साध्या २,४३० रात्रींत तीन टक्क्यांहून जास्त खाली उघडलेल्या फक्त आठ निघाल्या: सात रात्री तीन ते पाच टक्क्यांच्या, आणि एक सोळाची, वरच्या नियमाने दुरुस्त केलेली. निकालाच्या चाळीसपैकी मात्र दहा रात्री तीन टक्क्यांहून जास्त खाली.

म्हणजे तीन टक्क्यांचा स्टॉप साध्या रात्री तीनशेत एकदा ओलांडला जातो आणि निकालाच्या रात्री चारात एकदा. हे दोन वेगळे धंदे आहेत. एकत्र करून '२,४७० पैकी १८, म्हणजे पाऊण टक्काही नाही' असं म्हटलं की मन शांत होतं. पण तुम्ही निकालाच्या आदल्या दिवशी पोझिशनमध्ये होता. तुमच्यासाठी पाऊण टक्का नव्हता, पंचवीस टक्के होते.

बाजार बंद असलेले दिवसही या हिशेबात ध्यानात ठेवा. २०२३ च्या एप्रिलमध्ये इन्फोसिसचा निकाल गुरुवारी १३ तारखेला संध्याकाळी आला, शुक्रवारी आंबेडकर जयंतीची सुट्टी, मग शनिवार-रविवार. सोमवारी १७ ला शेअर जवळपास दहा टक्के खाली उघडला. ती कॅलेंडरमध्ये चार रात्री होत्या, तक्त्यात एकच ओळ. 'रात्र' म्हणजे एक बंद ते पुढचं उघडणं, मग मध्ये कितीही दिवस जावोत.

पहिलं बजेट: स्टॉपचा खरा भाजक

नुसता गॅपचा तक्ता इथे पुरत नाही, कारण स्टॉपपासून तुम्ही रोज वेगळ्या अंतरावर असता. शेअर १४६२ वर बंद झाला असेल तर अर्ध्या टक्क्याचा गॅपही स्टॉप ओलांडतो. १५८० वर असेल तर आठ टक्क्यांचा लागतो. म्हणून जुन्या डेटावर ट्रेड चालवूनच बघावा लागतो. प्रत्येक दिवशी क्लोजला घेतलं असं धरायचं, स्टॉप लावायचा, आणि पुढचे आठ दिवस एकेक करून बघायचे. ओपनच स्टॉपच्या खाली असेल तर ओपनला सुटलो. ओपन वर पण लो खाली असेल तर स्टॉपला सुटलो. काहीच झालं नाही तर आठव्या दिवशी क्लोजला बाहेर.

```python
import numpy as np

def exits(o, l, c, d, n):
    out = []
    for i in range(len(c) - n):
        stop, px = c[i] * (1 - d), c[i + n]
        for j in range(i + 1, i + n + 1):
            if o[j] <= stop:
                px = o[j]
                if o[j] < 0.91 * c[j - 1]:
                    px = min(o[j], c[j])
                break
            if l[j] <= stop:
                px = stop
                break
        out.append((c[i] - px) / (c[i] * d))
    return np.array(out)
```

`exits(o, l, c, 0.03, 8)` चालवलं की प्रत्येक ट्रेडचा तोटा 'ठरवलेल्या तोट्याच्या किती पट' या मापात मिळतो. एक आला म्हणजे स्टॉपवर बरोबर सुटलो. अडीच आला म्हणजे दहा हजार ठरवले होते, पंचवीस गेले. दशांशाच्या बारीक फरकामुळे `0.999` च्या वरचे सगळे 'स्टॉप लागलेले' धरा आणि त्यांची सरासरी काढा. निकालाची रात्र मध्ये येणारे ट्रेड आधी वगळा.

आपल्या उदाहरणात समजा स्टॉप लागलेल्या दर शंभर ट्रेडपैकी सत्तर दिवसाउजेडी, स्टॉपवरच सुटले. पंचवीस जरा खाली उघडले, सरासरी १.२ पट. पाच मोठ्या गॅपमध्ये सापडले, सरासरी २.६ पट. एकूण सरासरी १.१३ पट. म्हणजे तुमचा खरा भाजक ४५ नाही, जवळपास ५१. दहा हजार भागिले ५१, १९६ शेअर.

२२२ चे १९६. फरक फार नाही, आणि बहुतेक जण इथेच थांबतात: 'गॅप धरला, क्वांटिटी बारा टक्क्यांनी कमी केली, झालं.' पण सरासरीत ते शंभरातले पाच विरघळून जातात. खातं बुडवणारे तेच पाच.

एक सावधगिरी. वरच्या कोडमध्ये ट्रेड एकमेकांवर चढलेले आहेत. एका वाईट रात्री आधीच्या आठ दिवसांत घेतलेले सगळे ट्रेड एकदमच मरतात, आणि यादीत आठ ओळी दिसतात. 'अडीच पटीच्या वरची चाळीस उदाहरणं आहेत' असं वाटतं, प्रत्यक्षात त्या पाच-सहा रात्री असतात. म्हणून मोठ्या तोट्यांच्या तारखा छापून बघा आणि ओळी सोडून रात्री मोजा. शेपटाबद्दल तुमच्याकडे किती कमी माहिती आहे ते तेव्हाच कळतं.

दुसरं बजेट: वाईट रात्र

इथे स्टॉप विसरायचा. प्रश्न एवढाच: दहा वर्षांत एकदा येणारी रात्र आज आली तर मला किती परवडेल? मी भांडवलाच्या तीन टक्के धरतो. हा आकडा डेटातून येत नाही, तो आपल्या पोटातून येतो. तीन टक्के एका रात्रीत गेले तरी दुसऱ्या दिवशी मी तीच पद्धत त्याच हाताने चालवू शकतो, सहा गेले तर माझा हात कापतो. तुमचा आकडा तुम्ही ठरवा, पण ट्रेड घ्यायच्या आधी.

तीन टक्के म्हणजे ३०,००० रुपये. सोळा टक्क्यांची रात्र, १५०० च्या शेअरवर २४० रुपये. ३०,००० भागिले २४०, १२५ शेअर. तुमच्या २२२ शेअरना हीच रात्र ५३,००० च्या वर पडली असती.

आता दोन उत्तरं आहेत, १९६ आणि १२५. लहान घ्यायचं, १२५. १२५ शेअर म्हणजे १,८७,५०० रुपये, भांडवलाच्या पावणेएकोणीस टक्के. दुसरं बजेट खरं तर क्वांटिटीवर मर्यादा घालत नाही, एका शेअरमध्ये किती पैसे ठेवायचे त्यावर घालते. स्टॉप तीन टक्के असो की एक, ही मर्यादा हलत नाही. स्टॉप आठ टक्के लांब असेल तर पहिलं बजेटच लहान आकडा देतं आणि दुसरं आड येत नाही. त्रास होतो तो जवळचे स्टॉप लावून रात्रभर माल ठेवणाऱ्यांना, आणि त्यांनाच तो व्हायला हवा.

'पण सोळा हा एकच नमुना झाला, त्यावर सगळं टेकवायचं?' हा आक्षेप बरोबर आहे. एका शेअरच्या दहा वर्षांत शेपूट एक-दोन रात्रींचं असतं. तुमच्या शेअरला अशी रात्र आलीच नसेल तर तक्ता म्हणेल 'सर्वांत वाईट पाच टक्के', आणि तुम्ही ३०,००० भागिले ७५ करून ४०० शेअर घ्याल. इंडसइंड बँकेच्या फेब्रुवारी २०२५ पर्यंतच्या डेटात मार्च २०२५ नव्हता. म्हणून मी शेपूट एकट्या शेअरचं घेत नाही. त्याच प्रकारचे, तेवढेच मोठे पंचवीस-तीस शेअर एकत्र करतो आणि त्या सगळ्यांतल्या सर्वांत वाईट दहा-बारा साध्या रात्रींची सरासरी घेतो. यादी मात्र दहा वर्षांपूर्वीची घ्या. आजचे निफ्टीतले शेअर घेतले तर जे वाटेत कोसळून बाहेर गेले ते आपोआप गळतात, आणि शेपूट तिथेच छाटलं जातं.

शांत बाजारात गॅपही लहान होतील, म्हणून चालू चढउतारानुसार सगळा तक्ता आक्रसून घ्यावा असं काही जण सुचवतात. पहिल्या बजेटाला ते चालतं. दुसऱ्याला मी ते फक्त वरच्या दिशेने लावतो: बाजार खवळला असेल तर शेपूट मोठं धरतो, शांत असेल तर लहान करत नाही. कंपनीबद्दलची वाईट बातमी बाजार शांत आहे का ते विचारून येत नाही.

निकालाची रात्र

निकालाच्या चाळीस रात्रींपैकी सर्वांत वाईट चार घ्या. समजा त्यांची सरासरी नऊ टक्के, म्हणजे १३५ रुपये. ही दहातली एक रात्र आहे, वर्षात चार निकाल म्हणजे अडीच वर्षांत एकदा येणारी. हिला 'दहा वर्षांतली आपत्ती' म्हणून तीन टक्के देता येत नाहीत. ती रोजच्या दहा हजारांतच बसली पाहिजे. १०,००० भागिले १३५, ७४ शेअर.

म्हणून हातात १२५ असतील तर निकालाच्या दिवशी बाजार बंद व्हायच्या आत ५१ विकायचे आणि ७४ घेऊन रात्र काढायची. किंवा सगळेच विकायचे, तेही चालेल. तुमच्या त्या रात्री ७४ असते तर १४० रुपयांनी १०,३६० गेले असते. हे आकडे मी तुमच्या तोट्याशी जुळवून घेतले असा संशय येईल. थोडा खरा आहे, सोपे आकडे निवडताना ३१,००० डोळ्यासमोर होते. तुमच्या शेअरचा खरा डेटा कदाचित ६० म्हणेल, कदाचित ९५. पण २२२ म्हणणार नाही.

बोर्ड मीटिंगची तारीख एक्स्चेंजच्या साइटवर आधीच लागलेली असते. ट्रेड घेतानाच ती बघा. ट्रेड घेतल्यावर तीन दिवसांनी कळली तर तोवर शेअर थोडा वर गेलेला असतो आणि विकवत नाही.

सगळे शेअर एकदम

वरचं सगळं एका शेअरपुरतं झालं. पाच पोझिशन असतील आणि प्रत्येकी पावणेदोन-दोन लाखांच्या, तर आणखी एक रात्र मोजायची: अख्खा बाजार खाली उघडण्याची. अमेरिकेच्या टॅरिफनंतर ७ एप्रिल २०२५ ला निफ्टी आदल्या शुक्रवारच्या २२,९०४ वरून सुमारे पाच टक्के खाली, २१,७५८ ला उघडला. नोटबंदीच्या घोषणेनंतर, ९ नोव्हेंबर २०१६ ला पाच टक्क्यांहून जास्त, आणि २३ मार्च २०२० ला नऊच्या आसपास. पाचही स्टॉप एकाच मिनिटाला ओलांडले जातात. पाच पोझिशनच्या ९,३७,५०० रुपयांच्या मालावर पाच टक्के म्हणजे सुमारे ४७,००० रुपये. 'पाच ट्रेड, प्रत्येकी एक टक्का, वेगवेगळे' हा हिशेब त्या सकाळी मोडतो. माझ्या खात्यात पाच टक्क्यांच्या निफ्टी-गॅपला एकूण तोटा चार टक्क्यांच्या आत राहील एवढाच माल रात्री असतो. तुमच्या खात्याला ही मर्यादा आठ लाखांवर येते, म्हणजे अशा चार पोझिशन, पाच नाहीत.

मोठी घसरण आणि मोठा गॅप यांत गल्लत करू नका. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, पण उघडला होता अर्ध्या टक्क्याच्या आतच. पडला तो दिवसभरात. त्या दिवशी ज्यांचे स्टॉप सिस्टिममध्ये होते, ते बहुतेक स्टॉपच्या जवळपासच सुटले. तोही दिवस गॅपच्या तक्त्यात घुसडला तर तुम्ही उगाच घाबरून क्वांटिटी कमी कराल.

फ्युचर्स घेत असाल तर हे गणित बहुधा 'घेऊ नका' असंच उत्तर देईल. समजा ४०० चा लॉट. २४० रुपयांच्या रात्री ९६,००० रुपये. लॉट अर्धा करता येत नाही, आणि दहा लाखांच्या खात्याला तो पेलत नाही. निकालाच्या रात्रीपुरता पुट, म्हणजे ठरल्या भावाला विकण्याचा हक्क देणारा ऑप्शन, घेऊन झाकता येतं, पण निकालाआधी पुट महाग झालेला असतो. चार-पाच निकाल असे झाकून बघा आणि प्रीमियमची बेरीज करा, मग ठरवा.

आणि ज्या लहान शेअरना पाच किंवा दहा टक्क्यांचं सर्किट आहे, तिथे ओपनचा तक्ता वापरूच नका. तिथे प्रश्न गॅपचा नसतो, गिऱ्हाईक नसण्याचा असतो. माझ्याकडे एकदा अशा एका कंपनीचे शेअर सलग चार लोअर सर्किट अडकले. रोज नऊला ऑर्डर टाकायची, रोज साडेतीनला ती तशीच परत यायची. पाच टक्क्यांचं सर्किट 'सुरक्षित' वाटतं, पण चार दिवसांचा तो एकच साडेअठरा टक्क्यांचा गॅप असतो, फक्त हप्त्याने आलेला. तिथे सलग बंद सर्किटांची एकूण घसरण हाच गॅप धरा.

सकाळी काय करायचं

क्वांटिटी बरोबर असली तरी सुटायचं कुठे हा प्रश्न उरतोच, कारण वरचं सगळं गणित 'ओपनला सुटलो' असं धरतं. ते खरं करायला प्री-ओपन वापरावं लागतं. नऊ ते नऊ-आठ ऑर्डर घेतल्या जातात, आणि शेवटच्या मिनिटात खिडकी कधीही बंद होते, म्हणून नऊ-सातच्या आत काम उरका. स्टॉपलॉस ऑर्डर तिथे चालत नाही. साधी मार्केट ऑर्डर टाकायची, ती जुळली तर उघडण्याच्याच भावाला जाते. संभाव्य भाव पडद्यावर दिसत असतो. तो स्टॉपच्या खाली असेल तर तुमचा स्टॉप लागलेलाच आहे, फक्त सौदा व्हायचा बाकी आहे. मात्र आधी जीटीटी रद्द करा, नाहीतर माल दोनदा विकला जाण्याचा घोटाळा होतो.

ज्यांना नऊ वाजता मोबाइल बघता येत नाही त्यांनी जीटीटीची लिमिट ट्रिगरच्या बरीच खाली ठेवावी. ट्रिगर १४५५, लिमिट १४०० ठेवली म्हणून १४०० ला विकला जात नाही. समोर जो सर्वांत चांगला गिऱ्हाईक असेल त्यालाच जातो. तुमच्या त्या सकाळी मात्र १४०० ही पुरली नसती, १३६० लागली असती. निकालाच्या रात्री माल ठेवलाच असेल, तर सकाळी नऊला स्वतः हजर राहा.

शेवटी, वहीत एक रकाना वाढवा: स्टॉप लागलेल्या प्रत्येक ट्रेडचा प्रत्यक्ष तोटा भागिले ठरवलेला तोटा. तीस ट्रेड झाले की सरासरी काढा. कोडने १.१३ सांगितलं आणि वहीत १.१५ आलं तर ठीक. १.४ आलं तर तारखा बघा. एकाच रात्रीने ती वर ओढली असेल तर ते शेपूट आहे, दुसऱ्या बजेटाचं काम. पण पंधरा-वीस ट्रेडमध्ये थोडं थोडं जास्त गेलेलं दिसलं, तर तुमच्या लिमिट अजूनही ट्रिगरला फार चिकटलेल्या आहेत.